एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव : रक्कम कशी ठरते आणि पत्रात काय असावे

थकीत वैयक्तिक कर्जाची काही रक्कम एकदाच भरून उरलेली सोडून देण्याची विनंती, म्हणजे एकरकमी तडजोड, या लेखात विचारात घेतली आहे. या व्यवहाराचा कायदेशीर पाया १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. धनको येणे रकमेपेक्षा कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारू शकतो, असे हे कलम सांगते, आणि ५,००० रुपयांच्या कर्जापोटी २,००० रुपये पूर्ण फेड म्हणून घेतले गेल्यास सारे कर्ज संपते, हे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात केवळ कमी रक्कम स्वीकारल्याने उरलेले कर्ज संपत नाही, म्हणून या बाबतीत भारतीय कायदा ऋणकोला अधिक सोयीचा म्हटला पाहिजे. मात्र स्वीकारणे हे सर्वस्वी धनकोच्या मर्जीवर राहते. बिजनोर नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात १५ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तडजोड हा कर्जदाराचा हक्क नव्हे, आणि उच्च न्यायालय बँकेला ती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. त्यामुळे प्रस्ताव ही विनवणी न राहता, स्वीकारणे धनकोच्याच हिताचे आहे हे दाखवणारा हिशोब असावा लागतो.

हा हिशोब समजण्यासाठी सोलापूरच्या भवानी पेठेतील एका कल्पित यंत्रमाग कामगाराचे उदाहरण घेता येईल. त्याने एका व्यापारी बँकेकडून तारणाशिवाय ३,००,००० रुपये, १५ टक्के दराने, पाच वर्षांसाठी घेतले असून दरमहा सुमारे ७,१३७ रुपयांचे २४ हप्ते भरल्यानंतर काम बंद पडल्याने तो थकला, असे मानू. त्या वेळी मुद्दल सुमारे २,०६,००० रुपये उरते. त्यावर वीस महिने मासिक चक्रवाढीने व्याज लागून येणे सुमारे २,६४,००० रुपयांवर जाते आणि दंडाचे व नोटिशीचे शुल्क मिळून बँकेच्या पत्रात २,८०,००० रुपयांच्या आसपासचा आकडा दिसतो. बहुतेक कर्जदार या शेवटच्या आकड्यावर सूट मागतात, आणि येथेच पहिली चूक होते. कारण बँकेचा अधिकारी तडजोड तोलताना मुख्यतः उरलेल्या मुद्दलाकडे पाहतो. म्हणून प्रस्तावापूर्वी खातेउतारा मागवून मुद्दल, व्याज व शुल्क वेगवेगळे करून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार २०२४ पासून दंड हा दंडव्याज म्हणून न लावता दंडशुल्क म्हणून लावायचा असतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही, हेही त्याच वेळी तपासता येते.

बँकेच्या बाजूने वेळेचे गणित निराळे चालते. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, पुढील बारा महिने ते दुय्यम दर्जाचे आणि त्यानंतर संशयित मानले जाते. अशा कर्जासाठी बँकेला आपल्या नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते, हिलाच तरतूद म्हणतात. विनातारण कर्ज संशयित झाले की व्यापारी बँकांना पूर्ण रकमेची तरतूद करावी लागत असल्याने त्यापुढे हाती आलेला प्रत्येक रुपया त्यांना मिळकतच असतो. उदाहरणातील खाते विसाव्या महिन्यात या टप्प्यात पोहोचलेले आहे, म्हणून तेव्हा मांडलेला प्रस्ताव पाचव्या महिन्यातील प्रस्तावापेक्षा सहज विचारात घेतला जाण्याची शक्यता असते, जरी त्या दरम्यान व्याज वाढलेले आणि पतनोंद बिघडलेली असते. दिवाणी दाव्याने वसुली केली तर वेळ जातो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार मजुरांची मजुरी व कारागिरांची हत्यारे जप्त करता येत नाहीत. या कामगाराची मिळकत त्यात बसते की नाही हे न्यायालय ठरवील, पण बँकेच्या मनातील वसुलीची अपेक्षा यामुळे खाली येते. अशा स्थितीत त्याने नातेवाइकांकडून व बचतीतून उभी राहणारी १,४५,००० रुपयांची रक्कम, म्हणजे मुद्दलाच्या सुमारे सत्तर टक्के, देऊ केली, तर ती विचार करण्याजोगी ठरते. ही टक्केवारी मात्र कोणत्याही नियमात लिहिलेली नाही.

सोलापुरात कर्ज देणारी संस्था नागरी सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल, आणि कर्ज दोन जामीनदारांवर दिलेले जामीनकी कर्ज असेल, तर चित्र पुष्कळ बदलते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ नुसार निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी दिवाणी दाव्याविना जप्ती करू शकतो. शिवाय कलम ९२ नुसार सभासदाकडील येण्याच्या वादाची मुदत तो सभासद मरण पावल्यापासून किंवा सभासदत्व सोडल्यापासून मोजली जाते. म्हणजे तीन वर्षे उलटली की कर्ज बुडाले, हा अनेकांचा समज सहकारी संस्थेपुढे टिकत नाही.

इतर धनकोंच्या बाबतीत मात्र तीन वर्षांची मुदत महत्त्वाची असते, आणि तिथे प्रस्तावाच्या पत्राची भाषा काळजीने निवडावी लागते. मुदत संपण्यापूर्वी सही करून कर्ज मान्य केल्यास मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार ती नव्याने सुरू होते. म्हणून पत्राच्या आरंभी ते केवळ तडजोडीच्या बोलणीसाठी असून पुरावा म्हणून वापरू नये, आणि कोणत्याही पक्षाच्या हक्कांना त्याने बाधा येणार नाही, असे लिहितात. या वाक्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. पुढे अडचणीचे कारण व त्याचे कागद, देऊ केलेली रक्कम, ती कोठून येणार हे, आणि भरण्याची तारीख यावी. तारीख तीन महिन्यांच्या आत ठेवणे शहाणपणाचे, कारण ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आराखड्यानुसार तडजोडीची रक्कम भरायला तीन महिन्यांहून अधिक अवधी दिल्यास ते कर्जाचे पुनर्गठन मानले जाते आणि बँक अशा हप्त्यांना सहज तयार होत नाही.

त्याच आराखड्यात तडजोड मंजूर करणारा अधिकारी, कर्ज मंजूर करणाऱ्यापेक्षा किमान एक पायरी वरचा असावा, असे आहे. म्हणजे शाखेतील अधिकाऱ्याने किंवा वसुली प्रतिनिधीने फोनवर दिलेल्या आश्वासनाला अर्थ नाही, आणि मंजुरीपत्र हाती येण्यापूर्वी भरलेले पैसे निव्वळ थकबाकीत वळते होण्याचा धोका असतो. मंजुरीपत्रात कर्जखात्याचा क्रमांक, पूर्ण फेड म्हणून स्वीकारलेली नेमकी रक्कम, शेवटची तारीख, आणि उरलेले सारे येणे सोडल्याचा शब्द हवा. जामीनदार असल्यास त्यांच्या मुक्ततेचाही स्पष्ट उल्लेख हवा, कारण तो नसला तर पुढे जामीनदाराकडे मागणी येऊन वाद उभा राहू शकतो. वसुली दाखला आधीच काढलेला असेल तर वसुलीचा खर्च कोणी भरायचा आणि प्रकरण बंद झाल्याची नोंद कोण करून घेणार, हेही लिहून घ्यावे. पैसे संस्थेच्या नावानेच, धनादेशाने किंवा खात्यातून भरून पावती व बेबाकी दाखला घेतला जातो.

या मार्गाची किंमत पतनोंदीत चुकवावी लागते. पूर्ण फेडलेले खाते बंद म्हणून दिसते, तर तडजोडीचे खाते ‘सेटल्ड’ म्हणून, आणि ती नोंद वर्षानुवर्षे पुढील धनकोला दिसत राहते. त्यातच शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड करणाऱ्या संस्थेने त्या कर्जदाराला किमान बारा महिने नवे कर्ज देऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची अट आहे. उदाहरणातील कामगाराला लवकरच घरासाठी कर्ज लागणार असेल, तर १,४५,००० रुपयांत सुटण्यापेक्षा व्याज व शुल्क माफ करून मुद्दलाचे २,०६,००० रुपये भरणे आणि खाते ‘सेटल्ड’ न दाखवता बंद दाखवण्याची अट आधी लिहून घेणे, ही बोलणी त्याने प्रथम करून पाहावी.