माथा पास, दुसरा मजला नापास

जोराचा वारा सुटला की उंच इमारतीचा माथा काही सेंटिमीटर सरकतो. तो सरकू नये अशी अपेक्षाच नसते. फक्त किती सरकावा याला मर्यादा असते. भारतीय मानक IS 456 म्हणते, वाऱ्याने माथा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये. म्हणजे 120 मीटरच्या चाळीस मजली इमारतीला 240 मिलिमीटरची मुभा.

हे सरकणे ढोबळमानाने काढायचे तर संपूर्ण इमारत म्हणजे जमिनीत घट्ट रोवलेला एक कँटिलिव्हर मानायचा. एक टोक पक्के, दुसरे मोकळे. घराचा छज्जा उभा केला तर तसा. असा दांडा दोन प्रकारे सरकतो. एक म्हणजे वाकून: वाऱ्याकडची बाजू ताणली जाते, पलीकडची दबते. दुसरा प्रकार शिअरचा: प्रत्येक मजला खालच्या मजल्यावरून थोडा पुढे घसरतो आणि खांब-तुळयांचा काटकोनी चौकोन तिरका होतो. संपूर्ण उंचीवर सारखा वारा धरला तर माथ्याचे सरकणे असे:

वाकून: wH⁴ / 8EI
शिअरने: wH² / 2GA

यात w म्हणजे दर मीटर उंचीवरचा वाऱ्याचा भार, H उंची, EI वाकण्याला होणारा विरोध आणि GA शिअरला होणारा.

आता आपल्या 120 मीटरच्या इमारतीची दोन रूपे घेऊ. वाऱ्यासमोरची रुंदी 30 मीटर, दर मीटर उंचीवर भार 45 किलोन्यूटन, काँक्रीट M40. पहिल्या रूपात वारा एकटा लिफ्ट-जिन्याचा गाभा पेलतो: 10 मीटर चौरस पेटी, भिंती 400 मिलिमीटर जाड. दारांच्या मोकळ्या जागा सोडून दिल्या, तर ही पेटी वाकून 156 मिलिमीटर सरकते आणि शिअरने जेमतेम 3.

दुसऱ्या रूपात गाभा नाही, नुसते खांब आणि तुळया. सहा मीटरच्या अंतराने 30 खांब, प्रत्येक 800 मिलिमीटर चौरस. तुळया 300 बाय 600. खांबांच्या लांबण्या-आखडण्यामुळे येणारे वाकणे 27 मिलिमीटर, शिअर मात्र 126. बेरीज 153. गाभ्याची होती 159. कागदावर दोन्ही इमारती सारख्याच, दोन्ही 240 च्या आत.

पण दोघींची वळणे उलटी आहेत. वाकणाऱ्या इमारतीचा तिरकेपणा तळाशी शून्य असतो आणि वर जाताना वाढत जातो. गाभ्याच्या इमारतीत सर्वात वरचा मजला खालच्यापेक्षा सुमारे 5.2 मिलिमीटर पुढे असतो. शिअरमध्ये वरच्या सगळ्या मजल्यांचा वारा तळाच्या मजल्यांतून जातो, म्हणून सर्वात जास्त घसरण तिथेच. सांगाड्याच्या इमारतीत दुसऱ्याच मजल्यावर ती 6.2 मिलिमीटर भरते. तीन मीटरच्या मजल्याला पाचशेवा भाग लावला तर मुभा 6 ची. माथा आरामात पास झालेली इमारत दुसऱ्या मजल्यावर नापास होते, ती अशी.

शिवाय ही 6.2 आणि ती 5.2 एका जातीची नव्हेत. गाभा वाकतो तेव्हा वरचा मजला मुख्यतः अख्खाच कलतो, त्यामुळे गाभ्याजवळच्या भिंतींचा चौकोन फारसा बिघडत नाही. शिअरमध्ये चौकोनच तिरका होतो. विटांच्या आडभिंतीला कर्णरेषेत तडा जातो, खिडकीची चौकट काचेला चेपते.

उपाय कुठे करायचा हेही आकडेच सांगतात. सांगाड्याच्या शिअर-घसरणीत खांबांच्या वाकण्याचा वाटा सहा टक्के, उरलेला सगळा तुळयांचा. पहिला मोह खांब जाड करण्याचा होतो आणि तो इथे जवळजवळ वाया जातो. तुळयांची खोली 600 ची 750 केली की 126 चे 68 होतात आणि दुसऱ्या मजल्याची घसरण साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते.

उंचीने मात्र हा हिशेब पालटतो. शिअर उंचीच्या वर्गाने वाढते, वाकणे चौथ्या घाताने. पहिलाच सांगाडा 60 मीटरचा असता तर शिअर 32 आणि वाकणे दोनच्या आत. 240 मीटरचा केला तर शिअर 504 आणि वाकणे 427. तिथे नुसत्या तुळया वाढवून भागत नाही. म्हणून गाभा आणि सांगाडा एकत्र जोडतात: खाली गाभा सांगाड्याला धरतो, वर सांगाडा गाभ्याला मागे ओढतो.

हे गणित कच्चेच आहे. तडकलेल्या काँक्रीटचा मऊपणा आणि पायाचे कलणे यात धरलेले नाही. दोन्हींमुळे सरकणे वाढते. तेव्हा कोणी माथ्याचा एकच आकडा दाखवून इमारत सुरक्षित म्हटली, तर त्याच्याकडून मजल्यामजल्याच्या घसरणीचा तक्ता मागून घ्या.