कॉर्नरचा स्टॉल आणि चौरस फुटाचा भाव

दिवाळीच्या आधी गावोगावी भरणाऱ्या खरेदी प्रदर्शनांत स्टॉल घेणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो भाड्याचा. दहा बाय दहाची जागा, चार दिवस, आणि पंचवीस हजार रुपये. चौरस फुटाला अडीचशे! मग मनात हिशोब सुरू होतो: असे शंभर स्टॉल म्हणजे पंचवीस लाख, आयोजकाची चांदी आहे. हा हिशोब कुठे चुकतो ते पाहिलं की कॉर्नरला जादा पैसे का आणि आधी बुक करणाऱ्याला सूट का, हेही कळतं.

आयोजक हॉल घेतो तो पूर्ण, आणि विकतो त्यातला जेमतेम अर्धा. माणसांना हिंडायला पॅसेज लागतात, आपत्कालीन दारांसमोर काही मांडता येत नाही, खांब मध्ये येतात, नोंदणीचं टेबल, स्टेज आणि खाण्याचा कोपरा जागा घेतात. त्यामुळे वीस हजार चौरस फुटांच्या हॉलमध्ये विकण्याजोगी जागा दहा हजारांच्या आसपास निघते. गोरेगावसारख्या मोठ्या प्रदर्शन केंद्रांतल्या व्यापारी प्रदर्शनांत भाव चौरस मीटरवर असतो आणि नेहमीचा स्टॉल तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे सुमारे ९७ चौरस फुटांचा असतो. तिथेही भाडं फक्त विकलेल्या जागेवरच मिळतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण रीत हीच. हॉलचं भाडं, त्यात स्टॉल उभारणीचा आदला दिवसही धरून, चार लाख. पार्टिशन, नावाची पट्टी, टेबल, दोन खुर्च्या, दिवे आणि प्लग पॉइंट यांसाठी तीन लाख. वीज आणि जनरेटर सव्वा लाख. सुरक्षारक्षक, सफाई, परवाने, विमा मिळून सव्वा लाख. कार्यालय आणि माणसं अडीच लाख. जाहिरातीवर पाच लाख. एकूण सतरा लाख. शंभरही स्टॉल भरतील असं कोणी अनुभवी आयोजक धरत नाही, पंच्याऐंशी धरतो. सतरा लाखांना साडेआठ हजार चौरस फुटांनी भागलं की दोनशे रुपये येतात. एवढा तर नुसता खर्च झाला. अडीचशेचा छापील भाव त्यावर बेतलेला असतो.

आता कॉर्नर. एकमेकांना पाठ लावून पाच-पाच स्टॉलच्या दोन रांगा केल्या की दहा स्टॉलचा एक ब्लॉक होतो आणि त्याच्या चार टोकांना चार कॉर्नर मिळतात. असे आठ ब्लॉक आणि भिंतीलगत वीस साधे स्टॉल, म्हणजे शंभरात बत्तीस कॉर्नर. दोन बाजू उघड्या असलेल्या स्टॉलला साधारण दहा टक्के जादा लावायची पद्धत आहे. तीन किंवा चारही बाजू उघड्या असतील तर त्याहून जास्त. आपल्या उदाहरणात कॉर्नरचा भाव साडेसत्तावीस हजार होतो.

कॉर्नर सगळ्यांच्याच कामाचा असतो, हा मात्र गैरसमज आहे. साध्या स्टॉलला तीन भिंती असतात, म्हणजे माल टांगायला तीस फूट. कॉर्नरला एक भिंत जाते आणि वीस फूट उरतात. साड्या, ड्रेस मटेरियल किंवा चित्रं विकणाऱ्याने जादा पैसे भरून आपलीच एक तृतीयांश भिंत गमावलेली असते. लोणची-मसाले चाखायला देणाऱ्याला, किंवा यंत्र चालवून दाखवणाऱ्याला, दोन्ही बाजूंनी गर्दी उभी राहिली तर हवीच असते. शिवाय प्रत्येक कॉर्नर वर्दळीचा नसतो. नकाशावर दोन बाजू उघड्या दिसतात, पण त्यातली एक स्वच्छतागृहाच्या बोळाकडे असेल तर तिला दहा टक्के द्यायची काहीच गरज नाही. बुकिंगच्या आधी प्रवेशद्वार कुठे, बाहेर जायची वाट कुठे, हे नकाशावर बोट ठेवून विचारावं.

सुटीचं गणित आयोजकाच्या गरजेतून येतं. हॉलची अनामत काही महिने आधी भरावी लागते, जाहिरातीच्या जागा आगाऊ घ्याव्या लागतात, आणि तेव्हा तिकीटविक्री तर नसतेच. आधी येणारा पैसा हेच त्याचं भांडवल. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं वाटतं: रंगवलेला नकाशा. पुढचा व्यापारी विचारायला येतो तेव्हा तीस चौकोन रंगलेले आणि त्यांत दोन-चार ओळखीची नावं दिसली की तो लवकर ठरवतो. कोऱ्या नकाशावर कोणी सही करत नाही.

समजा, पहिल्या मुदतीत पंधरा टक्के सुटीने पस्तीस स्टॉल गेले, दुसऱ्या मुदतीत दहा टक्क्यांनी पंचवीस, आणि उरलेले पंचवीस पूर्ण भावाने. विकलेल्या पंच्याऐंशीत तीस कॉर्नर आहेत. छापील भावाने साडेएकवीस लाखांना थोडे कमी, म्हणजे २१,२५,००० आणि कॉर्नरचे ७५,००० मिळून बावीस लाख व्हायला हवेत. सूट जाते १,९३,७५०. कॉर्नरने जे मिळवलं त्याच्या अडीचपट सुटीने नेलं. हाती येतात २०,०६,२५०, म्हणजे चौरस फुटाला २३६ रुपये. आयोजकाचा खरा भाव हा. या सरासरीने त्र्याहत्तरावा स्टॉल विकला जाईपर्यंत तो तोट्यातच असतो.

इथे मी सूट फक्त मूळ भाड्यावर धरली आहे. पहिल्या मुदतीतला कॉर्नर मग २३,७५० रुपयांना पडतो. आधी दहा टक्के चढवून त्या सगळ्यावर पंधरा टक्के कमी केले तर २३,३७५ होतात. फरक ३७५ रुपयांचा, पण अर्जावर नीट लिहिलेलं नसेल तर भांडणाला तेवढा पुरतो. वर १८ टक्के जीएसटी, तोही बिलात दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर. २३,७५० वर तो ४,२७५ होतो. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याची वजावट सहसा मिळते. घरून फराळ विकणाऱ्या, नोंदणी नसलेल्या बाईंना मात्र तो पूर्ण खर्चच. त्यांनी भावाची तुलना करताना २८,०२५ हाच आकडा धरावा.

कॉर्नरचा दर बरोबर आहे की नाही, हे आयोजकाला नकाशाच सांगतो. पहिल्या आठवड्यात सगळे कॉर्नर संपले आणि मधले स्टॉल जागचे हलले नाहीत, तर जादा दर कमी पडला; शिवाय सर्वांत चांगल्या जागा सर्वांत मोठ्या सुटीत गेल्या. म्हणून काही आयोजक कॉर्नरच्या जादा रकमेला सूट लावत नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं.

सूट खरी केव्हा? ती तारखेला आणि पैशाला बांधलेली असेल तेव्हा. नुसतं फोनवर "स्टॉल धरून ठेवा" म्हणणाऱ्याला सूट देऊ नये. मुदतीत आगाऊ रक्कम, ठरल्या दिवशी बाकी, आणि बाकी चुकली तर पूर्ण भाव, असं लेखी हवं. सगळ्यांत मोठं नुकसान शेवटच्या आठवड्यात होतं. पंधरा स्टॉल रिकामे दिसतात, आयोजक घाबरतो आणि अठरा हजारांत देऊन टाकतो. मांडणीच्या दिवशी शेजारी-शेजारी खोकी उघडताना दोघं एकमेकांना भाडं विचारतातच. चार महिने आधी पैसे अडकवणाऱ्याला कळतं की थांबलेल्याला स्वस्त पडलं. पुढच्या वर्षी तोही थांबतो, त्याच्या ओळखीचेही थांबतात, आणि आगाऊ येणारा पैसा आटतो.

त्यापेक्षा जाणते आयोजक रिकाम्या जागेचा भाव पाडत नाहीत. दोन स्टॉलमधलं पार्टिशन काढून तिथे बाकं टाकतात, मेंदी काढणारीला बसवतात, किंवा आधी पूर्ण पैसे भरलेल्या शेजाऱ्याला माल ठेवायला ती जागा देतात.