क्लोबाझाम : सावकाश चढवायची, सावकाशच उतरवायची गोळी

फिट आटोक्यात आणणाऱ्या मुख्य औषधाला जोड म्हणून डॉक्टर बरेचदा क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम देतात. दोन्ही गोळ्या बेन्झोडायझेपीन या एकाच गटातल्या. मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम त्या वाढवतात, त्यामुळे फिट रोखली जाते. पण जाग, तोल आणि लक्ष यांवरही गाबाचाच अंमल असतो. म्हणून सुरुवातीला पेंग येते, चालताना पाय अडखळतात. मुलांची लाळ गळते किंवा ती विनाकारण चिडतात.

समजा, महिन्याला चार वेळा फिट येणाऱ्या एका तरुणीला रोज रात्री १० मिलिग्रॅम क्लोबाझाम सुरू केले. यकृतात त्याचे नॉरक्लोबाझाम होते. तेही फिट रोखते, पण ते शरीरातून निम्मे कमी व्हायलाच तीन दिवसांच्या आसपास लागतात. त्यामुळे रोजची नवी गोळी आधीच्या शिलकीत भर घालते आणि डोस तोच असूनही रक्तातले प्रमाण साधारण दोन आठवडे वाढतच राहते. चौथ्या दिवशी फिट आली म्हणून डोस दुप्पट केला, तर पहिल्या डोसाचा पूर्ण परिणाम दिसण्याआधीच त्यावर दुसरा चढतो. मग तरुणी दिवसभर झोपून राहते आणि घरचे गोळीच बंद करतात. नॉरक्लोबाझाम मोडणारे एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच मंद असते; त्यांच्यात ते कित्येक पटींनी साठते. म्हणून डॉक्टर आठवडा-दोन आठवडे थांबून, गुंगी किती उरली हे विचारून पुढचा डोस ठरवतात. तेवढ्या अवधीत मेंदूलाही गोळीची सवय होते आणि पेंग बहुधा ओसरते.

हीच सवय पुढे अडचणीची ठरू शकते. गाबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा गोळीला सरावते आणि काही रुग्णांत फिट रोखण्याची ताकदही कमी होते. क्लोनाझेपामच्या बाबतीत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांत असे घडल्याची नोंद आहे, तेही अनेकदा पहिल्या तीन महिन्यांत. आपल्या उदाहरणातल्या तरुणीच्या डायरीत दोन महिने एकही फिट नाही आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा दोन, असे दिसले तर आधी गोळी चुकली का, जागरण झाले का, ताप आला का हे पाहतात. तसे काही नसेल तर सवयीची शंका घेतात. डोस वाढवला की फरक पडतो, पण तो पुन्हा ओसरू शकतो. गुंगी मात्र वाढते. म्हणून डोस चढवत नेण्याला मर्यादा असते. अर्थात, क्लोबाझामवर वर्षानुवर्षे ठीक राहणारे रुग्णही बरेच आहेत. ज्यांना पाळीच्या दिवसांतच फिट येतात, अशा काही स्त्रियांना ते महिन्यातून ठरावीक दिवसच देतात, म्हणजे सवय लागायला वाव कमी मिळतो.

गोळी निरुपयोगी झाली असे वाटले, तरी ती एकदम सोडू नये. सरावलेल्या मेंदूचा आधार अचानक काढला, तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकते. त्यामुळे डॉक्टर क्लोबाझाम साधारणपणे आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅम असे उतरवतात. गोळी चालू असताना दारू टाळावी, तीव्र वेदनाशामके घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे आणि पेंग किती येते हे कळेपर्यंत, शिवाय फिट आटोक्यात असल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत, गाडी चालवू नये.