घड्याळजीवर तीन दिवे

ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक दुकान उभं केलंय असं धरा. रात्रीची वेळ, टेबलावर वाकलेला म्हातारा घड्याळजी, मागे गडद भिंत आणि तिच्यावर कॅलेंडर. पाहणाऱ्याची नजर त्याच्या बोटांवर जाणार की कॅलेंडरवर, हे दिवे ठरवतात.

आधी सगळे दिवे बंद करायचे. तरीही दृश्य पूर्ण काळं होत नाही, कारण ब्लेंडरच्या नव्या फाइलमध्ये पार्श्वभूमी गडद करडी असते आणि ती गुपचूप सावल्या उजळत राहते. ती काळी केल्याशिवाय कुठला दिवा काय करतोय ते कळत नाही.

मग मुख्य दिवा, म्हणजे की लाइट. तो कॅमेऱ्यापासून 45 अंश बाजूला आणि डोक्याच्या वर ठेवला की नाकाची सावली गालावर तिरकी पडते आणि चेहऱ्याला खोली येते. कॅमेऱ्याजवळ आणला तर चेहरा पसरट दिसतो. पण खरी गंमत अंतरात आहे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो. दिवा बोटांपासून 1 मीटरवर असेल आणि भिंत त्याच दिशेला आणखी 2 मीटर मागे, तर भिंतीला बोटांच्या नवव्या भागाइतकाच प्रकाश मिळतो. तोच दिवा 4 मीटर लांब नेऊन वॉट वाढवले, तर भिंतीला जवळजवळ 44 टक्के मिळतो आणि कॅलेंडर डोळ्यांत भरतं. रात्रीचा एकांत हवा असेल तर दिवा जवळच हवा.

समोरच्या बाजूचा फिल लाइट मोठ्या आकाराचा आणि मंद असतो. त्याचा उजेड मुख्य दिव्याच्या निम्मा असला की दृश्य जाहिरातीसारखं प्रसन्न वाटतं, आठवा भाग असला की गूढ. इथे सहावा भाग, किंचित निळसर छटेत, पुरे. नाकाला दुसरी सावली दिसली, तर फिल लाइट जास्त झालाय किंवा आकाराने लहान आहे.

घड्याळजीची काळी टोपी अजून भिंतीत विरघळलेली असते. तिच्या मागून, उंचावरून रिम लाइट टाकला की टोपीला आणि खांद्याला उजेडाची बारीक कड येते. हा दिवा बाजूला सरकला तर नाकाचा शेंडा चमकतो; फार प्रखर झाला तर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

आता चित्र कृष्णधवल करून पोस्टाच्या तिकिटाएवढं लहान करा. सर्वांत उजळ ठिपका बोटांवर हवा. बहुतेक वेळा तो पांढऱ्या सदऱ्यावर सापडतो. ब्लेंडरच्या 4.0 आवृत्तीपासून एखादी वस्तू विशिष्ट दिव्यातून वगळता येते, पण तसं केलं की सदरा आजूबाजूच्या उजेडाशी फटकून वागतो. त्यापेक्षा त्याचा रंगच थोडा मळकट करावा. दिवसभर दुकानात राबलेल्या माणसाचा सदरा तसाही परीटघडीचा राहत नाही.