चार वाजताची कॉफी रात्री अकरापर्यंत

दुपारी चारला जेवणाची सुस्ती येते, डोळे मिटायला लागतात आणि कॉफीचा मग हातात येतो. रात्री अकराला अंथरुणावर पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोपही लागते. म्हणून अनेकजण छातीठोकपणे सांगतात, "कॉफीचा मला काही त्रास होत नाही." हे म्हणणं जरा तपासून पाहायला हवं.

कॉफी पोटात गेल्यावर साधारण पाऊण तासात तिच्यातलं कॅफिन रक्तात चांगलंच भिनलेलं असतं. तिथून यकृतातलं एक एन्झाइम त्याची मोडतोड सुरू करतं, पण हे काम सावकाश चालतं. रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. निरोगी प्रौढ माणसात तो सरासरी पाच तास धरतात. इथे एक गैरसमज हमखास होतो. पाच तासांत निम्मं गेलं, म्हणजे दहा तासांत सगळं जाईल, असं वाटतं. प्रत्यक्षात पुढच्या पाच तासांत उरलेल्याच्या निम्मं जातं, त्यापुढच्या पाच तासांत त्याच्याही निम्मं.

मोठ्या मगातल्या कडक कॉफीत २०० मिलिग्रॅम कॅफिन आहे असं धरू. चारला प्यायलात, तर रात्री नऊला १०० मिलिग्रॅम उरतं, दोनला ५० आणि सकाळी सातला २५. अकराला अंथरुणावर पाठ टेकताना अंगात सुमारे ७५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे घरच्या इन्स्टंट कॉफीच्या एका कपाएवढं. झोपण्यापूर्वी मुद्दाम कॉफी करून प्यायला आपण धजावणार नाही, पण परिणाम जवळपास तोच.

हे उरलेलं कॅफिन नेमकं काय करतं? आपण जागे असताना मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ते चिकटलं की मेंदूचं काम मंदावतं, जडपणा येतो आणि झोप ओढून नेते. कॅफिनची रचना ॲडेनोसिनशी मिळतीजुळती आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं ते या जागा अडवून बसतं, पण झोपेचा निरोप पुढे देत नाही. थकवा गेलेला नसतो, तो फक्त जाणवत नाही. रात्री कॅफिन कमी झालेलं असल्यामुळे झोप लागू शकते, पण अडलेल्या काही जागांमुळे गाढ झोपेचा वाटा घटतो आणि मध्ये जाग यायला लागते.

याचा अंदाज आपला आपल्याला येत नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं होतं. उपकरणांच्या मोजणीत त्यांची झोप तासाहून अधिक घटली. त्यांनी स्वतः लिहिलेल्या नोंदींत मात्र एवढी घट दिसली नाही. अभ्यास मोजक्या लोकांवरचा होता आणि मात्राही मोठी होती, त्यामुळे एका कपाला तोच आकडा लावता येणार नाही. पण "मला तर छान झोप लागते" हा पुरावा किती कच्चा आहे, हे त्यातून कळतं.

पाच तास ही सरासरी झाली. कुणाचा अर्धायुकाल दोन तासांचा असतो, तर कुणाचा नऊ. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत तो जवळपास दुप्पट होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही लांबतो. सिगारेट ओढणाऱ्यांचं उलट असतं. धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं ते एन्झाइम वाढतं आणि कॅफिन लवकर संपतं. अशा माणसाने सिगारेट सोडली की काही दिवसांतच हा वेग उतरतो. नेहमीचीच कॉफी मग अंगात दुप्पट वेळ रेंगाळते, झोप उडते, अस्वस्थ वाटतं आणि सगळं खापर सिगारेट सोडण्यावर फुटतं. सिगारेट सोडताना कॉफीही कमी करायला हवी, हे त्यांना कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

स्वतःपुरती खात्री करून घ्यायची तर दोन आठवडे शेवटचा कप दुपारच्या जेवणाआधी घ्या. संध्याकाळचा चहा आणि कोलाही यात धरा, कारण कॅफिन त्यांतही आहे. खूप कॉफी पिणाऱ्यांनी एकदम तोडू नये. एक-दोन दिवसांत डोकं ठणकायला लागतं आणि प्रयोग तिथेच सुटतो, म्हणून कप हळूहळू कमी करावेत. या काळात झोप किती लवकर लागली, याकडे फारसं पाहू नका. रात्री किती वेळा जाग आली, गजर होण्याआधी डोळे उघडले का, आणि दुपारी चारला पूर्वीइतकीच पेंग येते का, हे वहीत टिपून ठेवा. दोन आठवड्यांनंतरही काहीच फरक पडला नाही, तर कारण कॉफीत नसावं. घोरणं, थायरॉइड किंवा दुसरं एखादं औषध यांची चौकशी डॉक्टरांकडे करावी लागेल.