‘डिलिव्हर्ड’ झालं, पण कोणाच्या हातात?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या मोठ्या इमारतींच्या गेटवर दुपारच्या वेळी गेलं, की पाठीवर भल्यामोठ्या बॅगा घेतलेली डिलिव्हरीची मुलं मोबाईल कानाला लावून ताटकळत उभी दिसतात. त्यांना आत सोडत नाहीत. ज्याचं पार्सल त्याला फोन करायचा, तो खाली येईपर्यंत थांबायचं आणि फोन उचललाच नाही तर पुढचं गेट गाठायचं. घरी दिवसभर कुलूप असतं म्हणून लोक ऑफिसचा पत्ता देतात आणि ती सोय खरीच आहे. मात्र घरी पार्सल डिलिव्हरी बॉयकडून थेट आपल्या हातात येतं. ऑफिसात ते आधी गेटवरच्या गार्डकडे जातं, तिथून रिसेप्शन किंवा मेलरूमला आणि मग आपल्याकडे. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा या मधल्या टप्प्यांवर.

एक उदाहरण घेऊ. पिंपळे सौदागरला राहणाऱ्या एका मुलीने ऑनलाइन एक पोर्टेबल हार्ड डिस्क मागवली. पत्ता दिला तो असा: स्वतःचं नाव, कंपनीचं नाव, हिंजवडी फेज २, पिन ४११०५७. तिच्या कंपनीच्या तिथे दोन इमारती आहेत आणि तिच्या इमारतीला दोन गेट आहेत, यातलं काहीच पत्त्यात नाही. गुरुवारी दुपारी पावणेदोनला मुलगा चुकीच्या इमारतीसमोर पोहोचला. तिला फोन केला, पण ती मीटिंगमध्ये होती आणि फोन सायलेंटवर. त्याने ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद केली. शुक्रवारी तो पुन्हा आला, तर तिचं वर्क फ्रॉम होम. शनिवारी तिसरी खेप झाली, तर ऑफिसच बंद. कुरिअर कंपन्या साधारण तीन खेपा करतात आणि मग पार्सल विक्रेत्याकडे परत पाठवतात. कोणी कामचुकारपणा केला नाही, तरी तीनही खेपा वाया गेल्या.

यावरचा उपाय पत्त्याच्या पहिल्या दोन ओळींतच आहे. नावापाठोपाठ एम्प्लॉयी नंबर, मग कंपनी, इमारतीचं नाव किंवा नंबर, विंग, मजला आणि मालाचं गेट कोणतं ते लिहावं. पुष्कळ ठिकाणी माणसांचं गेट वेगळं आणि मालाचं वेगळं असतं, ते गार्डला विचारून घ्यावं. पत्त्याच्या प्रकारात ‘होम’ऐवजी ‘ऑफिस’ निवडलं तर बऱ्याच ॲप्समध्ये शनिवार-रविवार डिलिव्हरी नको असं सांगता येतं. आणि ऑर्डर देताना वस्तू कधी येणार ती तारीख बघायची. हायब्रिड वेळापत्रकात आपण मंगळवार ते गुरुवारच ऑफिसात असू, तर शुक्रवारी येणारी वस्तू घरीच मागवलेली बरी.

आता दुसरा प्रश्न: आपल्या वतीने दुसऱ्याने घेतलेलं चालतं का? इथे टपाल खात्याचा एक फरक समजून घेण्यासारखा आहे. नेहमीचं स्पीड पोस्ट पत्त्यावर पोहोचवायचं असतं, म्हणजे त्या पत्त्यावरच्या रिसेप्शनने सही करून घेतलं तर ते पोहोचलं. पूर्वीचं रजिस्टर्ड पोस्ट ज्याच्या नावे असेल त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच मिळायचं. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, पण ती सोय गेली नाही. पाठवणाऱ्याने स्पीड पोस्टवर थोडे जादा पैसे भरून नोंदणी घेतली, तर टपाल त्याच माणसाच्या हाती द्यावं लागतं. ओटीपी दाखवूनच टपाल मिळेल अशीही वेगळी सोय आहे. पासपोर्ट तर अर्जदाराला ओळखपत्र बघूनच देतात, रिसेप्शनकडे ठेवत नाहीत. त्यामुळे पासपोर्ट किंवा असं ओळख पटवून द्यायचं टपाल ऑफिसच्या पत्त्यावर मागवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोस्टमन येईल त्या दहा मिनिटांत तुम्ही जागेवर असालच याची खात्री कोण देणार?

ओटीपीने येणाऱ्या पार्सलांत दररोज घडणारी गोष्ट अशी. गेटवरून फोन येतो, “मॅडम, ओटीपी सांगा, मी गार्डकाकांकडे ठेवतो.” आपण कामात असतो, ओटीपी सांगून टाकतो आणि पुढच्या मिनिटाला ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज येतो. ओटीपी म्हणजे आपली सहीच. तो दिला की माल आपल्याला मिळाला असं विक्रेता आणि कुरिअर दोघांच्याही लेखी नक्की होतं, मग पार्सल गार्डकडे असो, बाकड्यावर असो किंवा अजून त्या मुलाच्या बॅगेत असो. म्हणून आधी गार्डला फोन द्यायला सांगावं, “काका, माझं पार्सल तुमच्या हातात आलं का? रजिस्टरला लिहिलं का?” एवढं विचारून मगच ओटीपी सांगावा. याला अर्धा मिनिट लागतो. ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी असेल, म्हणजे खोका उघडून वस्तू बघून मग ओटीपी द्यायचा असेल, तर दुसऱ्यावर सोपवू नये, स्वतःच खाली जावं.

ते रजिस्टर एकदा नीट बघण्यासारखं असतं. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, कोपऱ्याला दोऱ्याने पेन बांधलेलं. रकाने ठरलेले: अनुक्रमांक, तारीख, वेळ, कुरिअरचं नाव, एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलवरच्या चिठ्ठीचा नंबर, कोणासाठी, आत घेणाऱ्याची सही आणि शेवटी नेणाऱ्याची सही व मोबाईल नंबर. पहिले रकाने भरलेले असतात, कारण ते गार्ड भरतो. शेवटचा रकाना मात्र पानोपानी कोरा असतो, कारण आपण घाईत पार्सल उचलून लिफ्टकडे पळतो. चौथ्या दिवशी कोणी “माझं पार्सल कुठंय?” म्हणून आलं की त्या कोऱ्या चौकटीतून काहीच कळत नाही. पार्सल त्याच नावाच्या दुसऱ्या कोणी नेलं का, टेबलवरच्या मित्राने उचललं का, की ते अजून कपाटात आहे? एकाच इमारतीत एकाच आडनावाची आणि नावाची दोन माणसं सहज असतात. एम्प्लॉयी नंबर लागतो तो यासाठी.

पाळी बदलताना चार्ज देणं-घेणं होतं, तेव्हाही हेच रजिस्टर कामी येतं. संध्याकाळी पार्सल घेणारा गार्ड रात्री घरी जातो आणि सकाळच्याला त्याची काहीच कल्पना नसते. म्हणून चांगल्या ठिकाणी पार्सलवर मार्करने रजिस्टरचा अनुक्रमांक मोठ्या अक्षरात घालतात आणि न नेलेल्या पार्सलांची यादी चार्जमध्ये उतरवतात. तुमच्या ऑफिसात हे होत नसेल, तर ॲडमिनला सुचवायला ही एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे.

रिसेप्शनचे नियम कडक वाटतात, पण त्यामागे कारणं असतात. कॅश ऑन डिलिव्हरी घेणार नाही, हा बहुतेक ठिकाणचा पहिला नियम. कोणीही न मागवलेलं पार्सल पाठवून रिसेप्शनकडून पैसे घेऊन जाण्याचा प्रकार सोपा असतो, शिवाय सुट्ट्या पैशांचा हिशोब कोण ठेवणार? नाशवंत खाद्यपदार्थ, उघडं किंवा गळणारं पार्सल आणि चोवीस तासांपेक्षा जास्त पडून राहणारं सामान, यांनाही बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

मग तपासणी. मोठ्या ऑफिसांत मालाच्या गेटवर एक्स-रे मशीन असतं. विमानतळावरचं बघितलेलं असतं तसंच, फक्त बहुधा लहान. नेहमीच्या मशीनचा बोगदा साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच असतो. त्याहून मोठा खोका आत जातच नाही, म्हणून मोठी वस्तू मागवली की गार्ड तुम्हाला बोलावून तुमच्यासमोर खोका उघडायला लावतो. पडद्यावर कापड, कागद, खाद्यपदार्थ, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे आणि मधल्या घनतेच्या वस्तू किंवा दोन्हींचं मिश्रण हिरवं. स्वयंपाकाच्या सुऱ्यांचा संच मागवला तर निळ्या रंगात पात्यांचा आकार अगदी स्पष्ट उमटतो आणि पार्सल बाजूला काढलं जातं. त्यात कोणावर संशय नसतो. पार्सल मालकासमोर उघडून बघायचं आणि वस्तू गेटवरच ठेवून संध्याकाळी घरी नेताना परत द्यायची, अशी त्याची पद्धत आहे. तुमच्या गैरहजेरीत पार्सल उघडणं मात्र चांगल्या सुरक्षा व्यवस्थेत बसत नाही, आणि तसं झाल्यास ॲडमिनकडे विचारणा करण्याचा तुमचा हक्क आहे. पाठवणाऱ्याचं नाव नाही, तेलकट डाग आहेत, गरजेपेक्षा जास्त चिकटपट्ट्या आहेत, असं पार्सल गार्ड हातही न लावता वरिष्ठांना कळवतो. तेव्हा “माझंच आहे, द्या” असा आग्रह धरू नये.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते आत येताना नव्हे, तर बाहेर जाताना. आपल्या त्या हार्ड डिस्ककडेच परत येऊ. ती नीट मिळाली, गेटवर नोंद न करता मुलीने पर्समध्ये टाकून वर नेली. संध्याकाळी बाहेर पडताना बॅग स्कॅन झाली आणि गार्डने विचारलं, “मॅडम, गेटपास?” कंपनीच्या दृष्टीने हार्ड डिस्क म्हणजे माहिती साठवण्याची वस्तू. ती तिची स्वतःची आहे याचा तिच्याजवळ एकच पुरावा, मोबाईलमधलं बिल. ते दाखवून कदाचित सुटका होईल, कदाचित डिस्क रात्रभर गेटवर राहील. तिची इमारत विशेष आर्थिक क्षेत्रात असेल तर आणखी अडचण, कारण २००५ च्या कायद्यानुसार असं क्षेत्र सीमाशुल्काच्या दृष्टीने देशाच्या हद्दीबाहेरचं धरतात आणि मालाची ये-जा तिथे जास्त काटेकोर असते. म्हणून पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, लॅपटॉप, टॅब्लेट अशी वस्तू पार्सलमध्ये असेल, तर ती आत नेण्याआधी गेटवरच मॉडेल आणि सिरीयल नंबरासह नोंदवून घ्यावी आणि त्या नोंदीचा फोटो काढावा. त्याहून सोपं म्हणजे गार्डला सांगून पार्सल खालीच ठेवावं आणि घरी जाताना घ्यावं.

आणि पार्सल हरवलंच तर? १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने ती समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेऊन ठेवायची असते, आणि हे सांभाळणं फुकटचं असलं तरी लागू होतं. ‘वैयक्तिक पार्सलची जबाबदारी आमची नाही’ असा बोर्ड लावून हा प्रश्न आपोआप सुटत नाही. पण पार्सल रिसेप्शनने घेतलं होतं हे आधी दाखवता यायला हवं आणि ते फक्त नोंदीवरून दाखवता येतं. ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय आणि हातात काही नाही, असं झालं की त्याच दिवशी हालचाल करावी. कुरिअरकडून पोहोच मागावी, म्हणजे सही, वेळ आणि असल्यास फोटो. त्या वेळेची रजिस्टरमधली ओळ शोधावी आणि ओळ सापडली नाही तर त्या वेळचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायची लेखी विनंती ॲडमिनला करावी, कारण जुनं फुटेज ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. मग विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी आणि तो दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. तक्रारीत एडब्ल्यूबी नंबर, मेसेजमधली वेळ आणि ओटीपी कोणी, कोणाला, कधी सांगितला हे तिन्ही लिहावं.