हेल्मेटच्या आतला थर्माकोल

दुचाकीवरून पडल्यावर डोकं वाचवण्याचं मुख्य काम हेल्मेटच्या आतला थर्माकोल करतो. बाहेरचं कवच आघात पसरवतं, पट्टा हेल्मेट जागेवर ठेवतो. धक्क्याची ऊर्जा मात्र बहुतांशी थर्माकोल चिरडण्यात जिरते.

भरीव पॉलिस्टायरीन घनमीटरला सुमारे 1050 किलो भरतं आणि हेल्मेटमधला थर्माकोल साधारण 60 ते 70. म्हणजे माल जेमतेम सहा टक्के, बाकी हवा. मग ताकदही सहा टक्के उरावी, असं वाटेल. उरते त्याहून बरीच कमी, कारण दाब आला की पेशींच्या पातळ भिंती मुख्यतः वाकतात. फूटपट्टी ओढून लांबत नाही, पण बोटानं सहज वाकते, तसंच हे. लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी त्याचा हिशेब मांडला: फेसाचा ताठपणा घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, चिरडण्याची ताकद दीड घाताप्रमाणे. घनता निम्मी केली की ताठपणा चौथाईवर येतो, ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. बंद पेशींत कोंडलेल्या हवेमुळे थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हे सूत्र पुरतं.

थर्माकोल दाबत गेलं की आधी थोडा ताठ विरोध होतो, मग पेशी एकेक करून कोसळू लागतात. या टप्प्यात दाब जवळपास तोच राहतो आणि ऊर्जा जिरत जाते. जाडीचा साधारण दोनतृतीयांश भाग चेपला की भिंती एकमेकींना भिडतात आणि दाब एकदम चढतो.

पाच किलोचं डोकं सेकंदाला सात मीटर वेगानं, म्हणजे ताशी 25 किलोमीटरनं, आपटलं असं धरू. जिरवायची ऊर्जा सुमारे 122 ज्यूल. 35 मिलिमीटर थर्माकोल 23 मिलिमीटर चेपला, तर डोक्यावर सरासरी 5300 न्यूटन बल येतं, गुरुत्वाच्या सुमारे 109 पट. थर्माकोल फार दाट घेतला आणि तो आठच मिलिमीटर चेपला, तर हाच आकडा 310 पटींवर जातो. उलट निम्म्या घनतेचा घेतला, तर चेपता चेपता जेमतेम 40 ज्यूल जिरतात आणि उरलेल्या 80 ज्यूलसकट डोकं घट्ट झालेल्या थरावर आदळतं. मऊ म्हणजे सुरक्षित, हा समज इथेच फसतो. रस्त्याकडेच्या ज्या हलक्या टोप्यांत नुसता स्पंज असतो, त्यांची गत याहून वाईट.

कोसळलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहत नाहीत. कवच मात्र उसळून जागेवर येतं, वरून काहीच दिसत नाही. म्हणून हेल्मेट घेताना अस्तर बाजूला सारून थर्माकोलची जाडी बघा, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा घालू नका.